शाळेच्या सकाळचा चित्रतक्ता : मिनिटे आधी मोजावी, चित्रे मग लावावी

शाळेच्या सकाळी मोठ्या माणसाच्या तोंडून जी वाक्ये निघतात, त्यांतली बरीचशी एकाच प्रकारची असतात: दात घासले का, मोजे कुठे आहेत, अजून कपडे बदलले नाहीस का. ही वाक्ये बोलणाऱ्याला रागाची किंवा शिस्तीची वाटतात, पण त्यांचे खरे काम निराळे असते. पुढे काय करायचे आहे हे लक्षात ठेवण्याचे काम मोठा माणूस मुलाच्या वतीने करत असतो. ठरवलेली गोष्ट योग्य वेळी आपल्या आपण आठवणे याला मानसशास्त्रात भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. हातातले काम करता करता पुढचे काम मनात धरून ठेवण्याची ही क्षमता मेंदूच्या कपाळामागच्या भागावर, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर, बरीच अवलंबून असते आणि हा भाग पूर्ण परिपक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. सात वर्षांचे मूल मोजा हातात घेऊन खिडकीबाहेर पाहत बसते, तेव्हा त्याने मोजा घालायला नकार दिलेला असतोच असे नाही. बहुधा मोज्यानंतर काय करायचे हे त्याच्या मनातून निसटलेले असते. ही आठवण मोठ्यांच्या बोलण्याऐवजी सकाळची कामे क्रमाने दाखवणाऱ्या चित्रांनी द्यावी, यासाठी चित्रतक्ता असतो.

या स्मृतीचे दोन प्रकार आहेत आणि चित्रतक्त्याची सगळी रचना त्या दोहोंतल्या फरकावर उभी आहे. ‘सात वाजून तीन मिनिटांनी न्याहारीला बसायचे’ ही वेळेवर आधारलेली आठवण आहे. तिच्यासाठी घड्याळाकडे आपणहून आणि वारंवार पाहावे लागते. ‘केस विंचरून झाले की न्याहारीला बसायचे’ ही घटनेवर आधारलेली आठवण आहे. तिची खूण समोरच घडते. दुसरा प्रकार लहान मुलांना पुष्कळ सोपा जातो. म्हणून मुलाच्या डोळ्यांसमोर घटनांची साखळी असावी आणि मिनिटांचा हिशेब मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावा. बाजारात मिळणाऱ्या अनेक तक्त्यांवर प्रत्येक चित्राशेजारी घड्याळाचे तोंड छापलेले असते. मला ती छपाई बहुतेक वेळा निरुपयोगी वाटते.

हिशेब मोठ्यांकडे असला तरी तो अंदाजाने मांडून चालत नाही. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले की आपल्याच कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणसे सर्वांत सुरळीत जाणारा प्रसंग डोळ्यांसमोर आणतात आणि पूर्वी प्रत्यक्षात किती वेळ लागला होता ते बाजूला ठेवतात. मुलाच्या सकाळबाबतही नेमके हेच होते. त्यावर एकच उपाय आहे: तक्ता करण्याआधी शाळेच्या पाच सकाळी काहीही न बदलता नुसते मोजायचे. प्रत्येक काम कधी सुरू झाले आणि कधी संपले हे कागदावर टिपायचे. घाई करायची नाही, मदतही नेहमीपेक्षा जास्त करायची नाही.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षांच्या एका मुलीला 7:35 ला घराबाहेर पडायचे आहे आणि तिला 6:45 ला उठवले जाते. चाळीस मिनिटे पुरतील, दहा हाताशी राहतील, असा घरच्यांचा अंदाज आहे. पाच सकाळच्या नोंदींत कपडे बदलायला लागलेला वेळ 6, 7, 9, 7 आणि 14 मिनिटे असा निघतो. यातला कोणता आकडा धरावा? मधला 7 धरला तर पाचांपैकी दोन सकाळी हिशेब चुकेल. 14 धरला तर तो एका हरवलेल्या मोज्याचा दिवस सगळ्या दिवसांवर लादला जाईल. सर्वांत वाईट दिवस सोडून त्याच्या खालोखालचा आकडा, म्हणजे 9, धरणे व्यवहारात चांगले जमते. याच रीतीने उठून स्वच्छतागृहात जाऊन येण्याला 8, दात घासून तोंड धुण्याला 6, न्याहारीला 18, केसांना 4 आणि बूट-दप्तराला 5 मिनिटे निघतात. बेरीज 50 होते.

कामे 50 मिनिटांची आणि वेळही 50 मिनिटांचा, तरी उशीर होतोच, कारण नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते. एक काम संपणे आणि दुसरे सुरू होणे यांच्या मधल्या पाच जागांत मिळून 9 मिनिटे जातात. कुणीही मूल दात घासण्यात सकाळ घालवत नाही. सकाळ जाते ती दात घासून झाल्यावर कपड्यांपर्यंत पोहोचण्यात. घरात रागाचे शब्द उच्चारले जातात तेही बहुधा याच जागांत.

आता दुरुस्ती. एका ठिकाणची कामे एकत्र आणली तर मधल्या जागा कमी होतात. स्वच्छतागृह आणि दात एकापाठोपाठ, कंगवा कपड्यांच्या खोलीत आणून ठेवला की कपडे आणि केस एकापाठोपाठ, मग न्याहारी, शेवटी दाराजवळ बूट आणि दप्तर. चालत जाण्याच्या जागा पाचाऐवजी तीन उरतात आणि त्यांना 5 मिनिटे पुरतात. कपडे, मोज्यांसकट, आदल्या संध्याकाळी काढून ठेवले की मोजे शोधण्याचे दिवस संपतात आणि त्या कामाला 7 मिनिटे धरता येतात. आता कामांची 48 आणि जागांची 5 मिळून 53 मिनिटे झाली. त्यात 7 मिनिटांची राखीव वेळ घातली की पूर्ण तास होतो, म्हणजे उठण्याची वेळ 6:35. दहा मिनिटे लवकर उठायचे तर झोपही दहा मिनिटे आधी लागली पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते आणि त्या झोपेतून सकाळसाठी मिनिटे कापून घेतली तर ती दुसऱ्या दिवशी सुस्तीच्या रूपाने परत द्यावी लागतात.

राखीव सात मिनिटे कुठे ठेवायची यावरही बरेच अवलंबून आहे. ती प्रत्येक कामात एकेक मिनिट करून वाटली, तर काम तेवढे लांबते आणि राखीव असे काही उरत नाही. ती सगळी शेवटी, बूट घालून झाल्यावर, एकत्र ठेवावीत. उरली तर ती मुलीची, तिला हवी तशी. क्रम लावतानाही हाच विचार उपयोगी पडतो: नावडते काम आवडत्या कामाच्या आधी ठेवावे. न्याहारी आवडत असेल तर कपडे तिच्या आधी, कारण मग न्याहारी हेच कपडे बदलण्याचे फळ ठरते आणि वेगळ्या बक्षिसाची गरज सहसा पडत नाही.

घड्याळाच्या खुणा मोठ्यांनी दोनच ठेवाव्यात. या उदाहरणात 7:03 ला न्याहारीला बसणे आणि 7:21 ला उठणे या त्या दोन खुणा. मुलीसाठी वेळ दाखवायचीच असेल, तर उरलेला वेळ आकसताना दिसेल असे साधन, वाळूचे घड्याळ किंवा रंगीत चकती हळूहळू लहान होणारे, फक्त न्याहारीजवळ ठेवावे. दात घासण्यासाठी दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ वेगळे. स्वच्छतागृहासाठी मात्र वेळ लावू नये. शरीराच्या गरजेला घाई लावली की मूल ती टाळायला शिकते.

आता चित्रे. कामांचा क्रम चित्रांनी दाखवण्याच्या रीतीची पद्धतशीर बांधणी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, 1970 च्या दशकात एरिक शॉप्लर यांनी उभ्या केलेल्या ‘टीच’ या स्वमग्न मुलांसाठीच्या कार्यक्रमात झाली, आणि तिथले दोन बारकावे सगळ्याच मुलांना लागू पडतात. एक, केलेले काम नजरेआड जावे: प्रत्येक कामाच्या चित्राचा पत्ता सुटा असावा आणि काम संपल्यावर मुलाने तो ‘झाले’ असे लिहिलेल्या खिशात टाकावा, म्हणजे वर उरलेला पहिला पत्ता हेच पुढचे काम असते आणि यादीत आपली जागा शोधावी लागत नाही. दोन, चित्राची पातळी मुलाला साजेशी असावी. लहान मुलाला रेखाचित्रापेक्षा त्याच्याच ब्रशचे, त्याच्याच बुटांचे छायाचित्र लवकर कळते. वाचू लागलेल्या मुलाला चित्राखाली एक शब्द पुरतो. छायाचित्रात मागे पसारा नको. शिवाय काम पूर्ण झाल्यावर कसे दिसते ते टिपावे: बंद लावलेले बूट, खांद्यावरचे दप्तर. ‘केस’ म्हणजे नेमके किती विंचरायचे हा वाद अशा छायाचित्राने आपोआप मिटतो.

आमच्या उदाहरणात सहा पत्ते होतात, पण ते एकाच भिंतीवर असण्याची गरज नाही. आधीच्या कामाचा शेवट हीच पुढच्या कामाची खूण असल्यामुळे, पत्ता जिथे आधीचे काम संपते तिथे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. कपड्यांचा पत्ता स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला, तर त्या रिकाम्या चालण्यात हरवणारी मिनिटे सर्वांत जास्त वाचतात.

हा तक्ता बिघडतो तो बहुधा मोठ्यांच्याच तोंडाने. ‘मोजे घाल’ची जागा ‘तक्ता बघ’ने घेतली की आठवण ठेवण्याचे काम पुन्हा मोठ्यांकडे येते आणि मूल तक्त्याऐवजी त्या वाक्याची वाट पाहू लागते. शिकवताना म्हणून बोलू नये. मुलाच्या मागे उभे राहून पाच-दहा सेकंद थांबावे, मग पत्त्याकडे बोट दाखवावे, तरीही नाही जमले तर हात धरून पत्त्यापर्यंत न्यावे. इशारा हळूहळू लहान करत नेता येतो, तोंडी सूचना तशी कमी करणे कठीण जाते. तक्ता काम करतो आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे मुलाची नजर: पुढच्या कामाकडे जाण्याआधी ती पत्त्यावर जाते का? सगळे पत्ते शेवटी एकदम खिशात टाकले जात असतील, तर तक्ता भिंतीची शोभा झाला आहे.

एकच काम रोज लांबत असेल तर दोष आळसाचा धरण्याआधी हातांकडे पाहावे. शर्टाची बटणे जमत नसतील तर ‘कपडे’ या पत्त्याखाली न शिकलेले कौशल्य दडलेले असते. ते सकाळी शिकवू नये. सुट्टीच्या दुपारी, शेवटच्या पायरीपासून मागे येत शिकवावे. आधी मोठ्यांनी सगळी बटणे लावून फक्त शेवटचे मुलाकडे सोपवावे, मग शेवटची दोन, मग तीन. काम प्रत्येक वेळी मुलाच्याच हातून पूर्ण होते हा या उलट्या क्रमाचा फायदा. जाग आल्यानंतर साधारण पंधरा ते तीस मिनिटे मेंदूवर निद्राजडत्व, म्हणजे झोपेची उरलेली सुस्ती, असते, त्यामुळे बारीक बोटांची कामे पहिल्या दहा मिनिटांत ठेवणे तसेही शहाणपणाचे नाही.

पत्ते कधी काढायचे? लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ 66 दिवसांचा होता, पण व्यक्तीव्यक्तींत तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि ती सगळी माणसे प्रौढ होती. म्हणजे ‘तीन आठवड्यांत सवय लागते’ या प्रचलित समजुतीवर विसंबून पत्ते काढू नयेत. ज्या दोन पत्त्यांमध्ये मूल आता थांबत नाही ते एकात मिसळावेत, बाकीचे राहू द्यावेत. राखीव सात मिनिटे आठवड्यातून दोनदा-तीनदा संपू लागली, तर पुन्हा पाच सकाळी मोजणी करावी. मूल मोठे झाले किंवा शाळेची वेळ बदलली की जुने आकडे तसेही चालत नाहीत. आणि तक्ता नीट चालत असूनही फक्त शाळेच्या दिवशी पोट दुखू लागले, मूल बूट घालून दाराशीच अडू लागले, तर ती अडचण मिनिटांची नसते. तेव्हा पत्ते बाजूला ठेवून शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे.