ओव्हरकरंट रिलेचे दोन आकडे: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या 22 केव्ही फीडरमागचा इतिहास

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्याच्या 22 केव्ही पॅनलवर आज न्यूमेरिकल रिले बसलेला असतो. करंट मर्यादेबाहेर गेला की ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारे हे डिजिटल उपकरण. त्यात डिस्क नाही, स्प्रिंग नाही, पितळी प्लगही नाही. तरी टेस्टिंगच्या रिपोर्टमध्ये पहिल्या दोन ओळी अजून प्लग सेटिंग आणि टाइम मल्टिप्लायर याच असतात. हे दोन आकडे कुठून आले ते कळले, तर ते कसे काढायचे हे पाठ करावे लागत नाही. शिवाय एका कारखान्यातल्या फॉल्टने शेजारचे सगळे कारखाने का अंधारात जातात, याचेही उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सुरुवातीच्या काळात जादा करंटपासून संरक्षण म्हणजे फ्यूज, नाहीतर ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला जोडलेला तेलाचा डॅशपॉट. डॅशपॉटमुळे थोडा उशीर मिळे, पण तेल थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात पातळ होई, त्यामुळे वेळेचा भरवसा नसे. एकामागोमाग दोन ब्रेकर असले तर त्यातला पुढचा आधी पडेल, याची खात्री देता येत नसे. ही अडचण सोडवणारी यंत्रणा विजेच्या मीटरमधून आली. ओटो ब्लाथी यांनी 1889 मध्ये इंडक्शन मीटरचे पेटंट घेतले होते. चुंबकीय क्षेत्रात ॲल्युमिनियमची चकती फिरते आणि कायमचुंबक तिला ब्रेक लावतो, हे त्यातले तत्त्व. तीच चकती रिलेत घातली. स्प्रिंगने तिला मागे ओढून धरले आणि करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकती फिरून संपर्क जुळवील अशी रचना केली. करंट जितका जास्त, तितकी चकती वेगात आणि तितका वेळ कमी.

या चकतीला दोन गोष्टी सांगाव्या लागत. एक, कोणत्या करंटला फिरायला लागायचे. त्यासाठी कॉइलला सात टॅप असत, 50 टक्क्यांपासून 200 टक्क्यांपर्यंत, 25-25 च्या पायऱ्यांनी. पुढच्या पट्टीवर योग्य भोकात प्लग खोचला की टॅप ठरला. टक्के कशाचे, तर सीटीच्या, म्हणजे मोठा करंट ठरावीक प्रमाणात कमी करून रिलेला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरीच्या रेटेड करंटचे, म्हणजे 5 किंवा 1 अँपिअरचे. दुसरी गोष्ट, संपर्कापर्यंत पोचायला चकतीने किती अंतर कापायचे. तेच टाइम मल्टिप्लायर, 0.1 ते 1 पर्यंतची डायल. अमेरिकन रिलेत टॅप अँपिअरमध्ये लिहीत आणि टाइम डायलचे आकडे 10-11 पर्यंत जात. आपल्याकडे ब्रिटिश घडणीचे रिले आले, म्हणून टक्के आणि 0.1 ते 1 ही भाषा रुजली. जुन्या सबस्टेशनातल्या माणसांना अशा रिलेचे सीडीजी हे नाव अजून आठवते.

प्लगच्या रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोड चालू असताना प्लग उपसला तर कॉइल उघडी पडत नसे. रिले आपोआप सर्वांत वरच्या टॅपवर जाई. सीटीची सेकंडरी उघडी राहिली तर तिथे जीवघेणे व्होल्टेज येते, त्यामुळे ही सोय नसती तर सेटिंग बदलताना कोणाचा तरी जीव गेला असता.

मग वेळेचे गणित. फॉल्ट करंट प्लगने ठरवलेल्या करंटच्या किती पट आहे, त्याला प्लग सेटिंग मल्टिप्लायर, म्हणजे पीएसएम म्हणतात. डायल 1 वर असताना 10 पट करंटला सुमारे 3 सेकंद, हा ब्रिटिश मानकातला नेहमीचा आलेख. तो रिलेच्या पाटीवर छापलेला असे आणि सेटिंग करणारा त्यावर बोट ठेवूनच वेळ वाचत असे. पुढे 1976 मध्ये आयईसी 255-4 आणि 1989 मध्ये आयईसी 60255-3 या मानकांनी अशा वक्रांची सूत्रे दिली. स्टँडर्ड इन्व्हर्स म्हणून आजही हेच सूत्र वापरतात, त्यात t म्हणजे सेकंदांतला वेळ आणि TMS म्हणजे टाइम मल्टिप्लायर:

```
t = TMS × 0.14 / (PSM^0.02 − 1)
```

पीएसएम 10 घातला की 2.97 सेकंद येतात, म्हणजे पाटीवरचे तेच 3. चकतीचा स्वभाव आधी होता, सूत्र त्याच्यावर नंतर बसवले गेले. म्हणूनच 0.02 हा घात इतका विचित्र दिसतो.

पण सूत्रात चकतीची एक मर्यादा उतरलेली नाही. करंट सुमारे 20 पटीच्या पुढे गेला की रिलेच्या चुंबकाचे लोखंड संपृक्त होते. मग करंट कितीही वाढो, चकतीचा जोर फारसा वाढत नाही आणि डायल 1 वर वेळ जवळपास 2.3 सेकंदांवरच अडकतो. अशा रिलेला आयडीएमटी, म्हणजे इन्व्हर्स डेफिनिट मिनिमम टाइम म्हणतात; त्यातला ‘डेफिनिट मिनिमम’ तो हाच.

आता ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण या पट्ट्यात अशी मांडणी नेहमी दिसते. सबस्टेशनातून 22 केव्हीचा फीडर निघतो, त्याचा सीटी 400/5. त्यावरच्या एका कारखान्याची मागणी 5 एमव्हीए, म्हणजे सुमारे 131 अँपिअर, आणि त्याच्या इनकमरचा, म्हणजे वीज आत येते त्या ब्रेकरचा, सीटी 150/5. दोन्हीकडे चकतीचे रिले, आणि कारखान्याच्या बसवरची फॉल्ट लेव्हल, म्हणजे तिथे शॉर्ट सर्किट झाल्यास स्रोत देऊ शकेल ती शक्ती, 100 एमव्हीए.

फॉल्ट लेव्हलला 1.732 गुणिले 22 ने भागले की फॉल्ट करंट 2,624 अँपिअर. कारखान्याचा प्लग 100 टक्क्यांवर ठेवला, म्हणजे सेकंडरीत 5 आणि प्रायमरीत 150 अँपिअर. हे 131 च्या वर आहे, आणि रिले सेटिंगच्या थोडा वरच फिरायला लागतो, म्हणून पूर्ण लोडला तो खोटा ट्रिप होणार नाही. पीएसएम 2,624 भागिले 150, म्हणजे 17.5. कारखान्यात याच्या पुढे 22 केव्हीवर काही नाही असे धरून डायल 0.1 वर ठेवली, तर वेळ 0.24 सेकंद.

सबस्टेशनातल्या रिलेने याच फॉल्टला थांबायचे आहे, आणि कारखान्याचा ब्रेकर अडला तरच पडायचे आहे. किती थांबायचे? त्या काळचा नेहमीचा आकडा अर्धा सेकंद. ऑइल सर्किट ब्रेकर उघडायला सुमारे 0.15 सेकंद घेई. फॉल्ट तुटल्यावरही चकती स्वतःच्या वेगाने 0.05 सेकंदभर पुढे सरके. उरलेले रिले आणि सीटी यांच्या चुकांसाठी आणि थोडी राखीव जागा. म्हणजे सबस्टेशनात 0.74 सेकंद हवेत. तिथे फीडरचे लोड 300 अँपिअरपर्यंत, म्हणून प्लग 100 टक्के, प्रायमरीत 400. पीएसएम 6.56. डायल 1 वर सूत्र 3.65 सेकंद देते. 0.74 ला 3.65 ने भागले की 0.2. झाले, डायल 0.2 वर.

एवढ्यात काम संपत नाही, कारण फॉल्ट लेव्हल जागेवर राहत नाही. एमआयडीसीची स्थापना 1 ऑगस्ट 1962 ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. पुढे खाडीपलीकडे टीटीसीची, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीकची, वसाहत ऐरोलीपासून नेरूळपर्यंत पसरली. कळव्याला 400 केव्हीचे उपकेंद्र आले, सबस्टेशनांत जास्त क्षमतेचे ट्रान्सफॉर्मर बसले, काही ठिकाणी ते समांतर चालू लागले. यातल्या प्रत्येक गोष्टीने स्रोताचा अडथळा कमी होतो आणि तेवढाच फॉल्ट करंट वाढतो. पॅनलवर मात्र कोणी काही बदललेले नसते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याच उदाहरणात फॉल्ट लेव्हल 250 एमव्हीए झाली असे धरा. करंट 6,561 अँपिअर. सबस्टेशनचा पीएसएम 16.4 होतो आणि 0.2 डायलवर त्याचा वेळ 0.73 वरून 0.49 सेकंदांवर येतो. कारखान्याचा पीएसएम जवळजवळ 44. पण त्याची चकती 20 पटीलाच अडकलेली, त्यामुळे ती 0.23 सेकंदांच्या खाली जात नाही. मागचा रिले झपाट्याने जवळ आला, पुढचा जागचा हलला नाही, आणि मधले अंतर 0.49 वरून 0.26 सेकंदांवर आले. ऑइल ब्रेकर असेल तर हे पुरत नाही. कारखान्याचा ब्रेकर उघडतो, पण तोवर सबस्टेशनची चकतीही संपर्काला जाऊन भिडते. दोन्हीकडच्या रिलेवर ट्रिप दाखवणारे फ्लॅग पडलेले आणि फॉल्ट एकाच जागी, ही त्याची खूण. अशा वेळी ‘सबस्टेशनचा रिले खराब आहे’ असा शेरा पडतो. तो काढून तपासला तर तपासणीत अगदी बरोबर वागतो, कारण त्यात दोष नसतोच.

उपाय म्हणून डायल पुन्हा काढायची. 0.23 अधिक 0.5, म्हणजे 0.73. पीएसएम 16.4 ला सूत्र 2.43 सेकंद देते. भागाकार 0.3. मात्र फीडरचा रिले 0.3 वर नेला की त्याच्या मागचा ट्रान्सफॉर्मर इनकमरही मागे सरकवावा लागतो. प्रत्येक पायरीला अर्धा सेकंद चढत गेला, तर जिथे फॉल्ट करंट सर्वांत मोठा, तिथेच तो सर्वांत जास्त वेळ वाहतो. स्विचगियर तो करंट एक किंवा तीन सेकंदच सोसू शकते, त्यामुळे ही शिडी वर चढायलाही मर्यादा आहे.

सीटीकडेही पाहायला हवे. 150/5 चा सीटी 5पी10 वर्गाचा असेल, तर पूर्ण बर्डनवर, म्हणजे सेकंडरीला जोडलेल्या पूर्ण भारावर, तो 10 पटीपर्यंतच, म्हणजे 1,500 अँपिअरपर्यंत खात्रीने खरा करंट देतो. इथे 6,561 वाहतात. इथे प्लगची जुनी खोच पुन्हा समोर येते. चकतीचा रिले कोणत्याही टॅपवर सेटिंग करंटला साधारण 3 व्हीए घेतो. 100 टक्क्यांवर 5 अँपिअरला ते 0.12 ओहम होतात, 50 टक्क्यांवर 2.5 अँपिअरला 0.48 ओहम. प्लग निम्म्यावर आणला की सीटीवरचा अडथळा चौपट. रिले जास्त संवेदनशील करायला गेलो आणि मोठ्या फॉल्टला सीटी संपृक्त होऊन तो उलट मंद झाला, असे यातून घडू शकते. म्हणून लहान रेशोच्या सीटीवर खालचा प्लग निवडण्यापेक्षा, मोठ्या फॉल्टसाठी वेगळा तात्काळ एलिमेंट लावणे मला जास्त सुरक्षित वाटते.

न्यूमेरिकल रिलेने बरेच काही सोपे केले. त्याचे बर्डन नगण्य आहे, चकतीची घसरण नाही, आणि व्हॅक्यूम ब्रेकर लवकर उघडतो. त्यामुळे अर्ध्या सेकंदाऐवजी 0.25 ते 0.3 सेकंदांचे अंतर पुरते. वरच्याच उदाहरणात दोन्हीकडे असे रिले बसवले आणि ते 44 पटीपर्यंत सूत्रच पाळत असतील, तर कारखान्याचा वेळ 0.18 सेकंद येतो, सबस्टेशनचा 0.49 च राहतो, आणि जुना 0.2 चा आकडा पुन्हा चालून जातो. पण ‘पाळत असतील तर’ हे महत्त्वाचे. काही बनावटीचे रिले 20 पटीला, काही 30 पटीला वक्र मुद्दाम सपाट करतात, म्हणजे चकतीची मर्यादा त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तशीच ठेवलेली असते. 20 पटीला सपाट होणारा रिले असेल, तर कारखान्याचा वेळ 0.23 आणि अंतर 0.26 सेकंद. व्हॅक्यूम ब्रेकरवर ते जेमतेम भागते, जुना ऑइल ब्रेकर तसाच ठेवला असेल तर भागत नाही. मॅन्युअलमध्ये ही मर्यादा आलेखाखाली लहान अक्षरांत दिलेली असते. नसेल तर सेकंडरी इंजेक्शनमध्ये, म्हणजे टेस्ट किटने थेट रिलेत करंट सोडून, 20 पटीला एकदा आणि किटची क्षमता असेल तर 25 पटीला एकदा वेळ मोजावा. त्यासाठी सेटिंग तात्पुरते खाली आणले की कमी करंटमध्येही तेवढी पट मिळते. दोन्ही वेळा सारख्या आल्या, तर वक्र तिथे सपाट झालेला आहे.