एका कार्डावर एकच प्रश्न

'सँक्शन' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत: मंजुरी आणि निर्बंध. परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करायला कार्डं बनवताना बहुतेक जण कार्डाच्या पुढे नुसता शब्द लिहितात आणि मागे दोन्ही अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी असं सगळं कोंबतात. उजळणीत 'मंजुरी' आठवते, 'निर्बंध' आठवत नाही. मग हे कार्ड बरोबर धरायचं की चूक? बरोबर धरलं, तर त्याची पुढची उजळणी आठवडाभर लांबते आणि विसरलेला अर्थ कच्चाच राहतो. चूक धरलं, तर पाठ असलेला अर्थही पुन्हापुन्हा समोर येऊन वेळ खातो.

म्हणून याची दोन कार्डं करावीत. पहिल्यावर 'द बँक सँक्शन्ड द लोन' हे वाक्य, शब्द अधोरेखित. मागे फक्त 'मंजूर केलं'. दुसऱ्यावर 'ट्रेड सँक्शन्स हर्ट एक्स्पोर्ट्स', मागे 'निर्बंध'. वाक्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप कळते: अनेकवचनी नाम आलं की अर्थ बहुधा निर्बंधाचा असतो. उताऱ्यात हीच खूण कामी येते.

अर्थावरून शब्द आठवायचा असेल, तर गाळलेली जागा वापरावी. पण 'द बँक ____ द लोन' इथे अर्थाने 'अप्रूव्ह्ड' किंवा 'रिफ्यूज्ड'ही बसतात. त्यामुळे कंसात 'मंजूर केलं' आणि शब्दाचं पहिलं अक्षर द्यावं. उत्तर एकच निघालं पाहिजे.

वाक्य आठ-दहा शब्दांपेक्षा मोठं नको. लांबलचक किंवा चमकदार वाक्य दोन-तीन फेऱ्यांत चेहऱ्याने ओळखीचं होतं आणि शब्द न वाचताच उत्तर तोंडात येतं. कार्डावर झटकन जमणारा शब्द नव्या उताऱ्यात अडत असेल, तर नेमकं हेच झालं आहे. अशा वेळी अर्थ तोच ठेवून वाक्य बदलावं.

आता गठ्ठा किती मोठा असावा? समजा, प्रत्येक कार्डाची उजळणी 1, 3, 7, 15 आणि 30 दिवसांनी होते. रोज 10 नवी कार्डं घेतली, तर महिन्याभराने रोज 10 नवी आणि 50 जुनी अशी 60 समोर येतात. कार्डामागे दहा सेकंद धरले तरी दहा मिनिटं, शिवाय चुकलेली वेगळी. रोज 30 नवी घेतली, तर हाच आकडा 180 होतो. पहिल्या आठवड्यात हे जाणवत नाही, खरी कोंडी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. शिवाय दोन अर्थांची दोन कार्डं होत असल्याने 10 कार्डं म्हणजे कधीकधी पाचच शब्द. जुनी साचू लागली, तर नवी थांबवून आधी ती संपवावीत. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडेही नवं काही घेऊ नये, कारण त्या कार्डांच्या पुरेशा फेऱ्या होत नाहीत.

एखादं कार्ड चार-पाच वेळा चुकलं, तर ते आणखी घोकण्यापेक्षा नव्याने लिहावं. बहुतेकदा त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शब्द त्याच गठ्ठ्यात सापडतो, जसं 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. त्यातला एक पक्का होईपर्यंत दुसरा बाजूला काढून ठेवावा.