अरबी फोनमध्ये डावं-उजवं कुठे गेलं?

म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेड या पट्ट्यातल्या कित्येक मोहल्ल्यांत कुवेत-दुबईहून आलेला एखादा फोन असतोच. भाऊ किंवा जावई सुट्टीवर येताना जुना फोन घेऊन येतो, घरी कुणाला तरी देतो आणि परत जातो. फोन चालू केला की सगळं अरबी! लिपी कळत नाही हे ठीक, पण हातही चुकायला लागतो. मागे जायचा बाण डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेलेला असतो, त्याचं टोकही उजवीकडे असतं. ब्राइटनेस वाढवायला पट्टी उजवीकडे ओढावी, तर स्क्रीन अंधारते.

फोन बिघडलेला नाही. अरबी, उर्दू, फारसी आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि वाचणाऱ्याची नजर जिथून सुरू होते तिथूनच स्क्रीनही सुरू व्हायला हवी. म्हणून अक्षरांबरोबर अख्खी मांडणीच फिरते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून आहे, आयफोनमध्ये पूर्ण मांडणी २०१५ च्या आयओएस ९ पासून फिरायला लागली. ॲप लिहिणारा नीट काम करत असेल तर तो बटण ‘डावीकडे’ ठेव असं सांगतच नाही. तो ‘सुरुवातीला’ किंवा ‘शेवटी’ ठेव असं सांगतो, आणि सुरुवात कुठली हे फोन भाषेवरून ठरवतो.

पण आरशात पाहिल्यासारखं सगळंच उलटत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. आखातात गाडी चालवून आलेल्या कुणालाही विचारा: तिथे स्टीअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, पण क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर मात्र आपल्यासारखेच, त्याच क्रमाने. फोनचंही तसंच आहे. वाचनाच्या दिशेवर जे अवलंबून असतं ते फिरतं. मागे-पुढेचे बाण, मेनू, याद्या, चालू-बंदची खटकी, ब्राइटनेसची पट्टी ही सगळी त्यातली. खटकी ‘चालू’ असताना तिचा गोळा डावीकडे असतो. म्हणून बाजू न बघता रंग बघावा, भरलेला रंग म्हणजे चालू.

व्हिडिओचं प्ले बटण मात्र उजवीकडेच टोक करून राहतं, आणि खालची वेळेची पट्टीही सहसा डावीकडूनच भरते. त्या खुणा कॅसेटच्या जमान्यातून आल्या आहेत. त्या टेप सरकण्याची दिशा दाखवतात, वाचनाची नाही. घड्याळाचे काटे फिरत नाहीत, नंबर डायल करायचा कीपॅड तसाच राहतो. शोधाच्या भिंगाची मूठही सहसा हलवत नाहीत, कारण अरबी वाचणारे बहुतेक जणही भिंग उजव्याच हातात धरतात. हा मला या सगळ्या नियमांतला सर्वात शहाणा बारकावा वाटतो.

आता फोन मराठी करू. दातेरी चाकाचं चित्र म्हणजे सेटिंग्ज; अरबीत الإعدادات. चित्रं यादीच्या उजव्या कडेला असतात, म्हणून नजर उजवीकडून खाली न्यायची. भाषेचं पान कुठे आहे ते कंपनीगणिक बदलतं. साध्या अँड्रॉइडवर ते النظام म्हणजे ‘सिस्टीम’मध्ये, यादीच्या तळाशी सापडतं, आयफोनवर आधी عام, मग اللغة والمنطقة. भाषेच्या ओळीत اللغة किंवा اللغات असा शब्द असतो. अरबी येत नसेल तर दुसऱ्या फोनवर हा शब्द मोठा करून शेजारी धरायचा आणि आकार जुळवायचा, एवढं पुरतं. योग्य पान आलं की नाही याची खूण म्हणजे العربية हे नाव: ते सध्याच्या भाषेचं. मग अधिक चिन्हाच्या ओळीवर दाबलं की लांब यादी उघडते. त्यात प्रत्येक भाषा स्वतःच्या लिपीत लिहिलेली असते, म्हणून ‘मराठी’ लगेच डोळ्यात भरतं. काही फोन तिथेच भाषा बदलायची का विचारतात. नाही विचारलं, तर मराठीच्या ओळीच्या डाव्या टोकाला आडव्या रेघांची मूठ दिसेल, ती धरून ओळ सर्वात वर ओढायची.

एक खबरदारी. अनेक अँड्रॉइड फोनांवर ‘सिस्टीम’च्या त्याच पानावर फोन कोरा करायचा पर्यायही असतो. विचारणा करणारी चौकट आली की आपला हात सवयीने ‘रद्द’साठी दोन बटणांतल्या डावीकडच्यावर जातो. अरबी मांडणीत तिथे ‘होय’ असतं. म्हणून अनोळखी चौकटीत काहीच न दाबता मागे फिरावं. अँड्रॉइडवर बोटाने कडेवरून सरकवायची सोय चालू असेल तर दोन्हीपैकी कुठल्याही कडेवरून आत सरकवलं तरी मागे जाता येतं. आयफोनवर आपण डाव्या कडेवरून सरकवतो, अरबीत उजव्या कडेवरून.

हे सगळं स्वतःच्या मराठी फोनवरही बघता येतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये Build number वर सात वेळा दाबलं की Developer options उघडतात, आणि त्यात Force RTL layout direction अशी एक खटकी असते. ती चालू केली की अक्षरं मराठीच राहतात, मांडणी तेवढी फिरते. मग एकेक ॲप उघडून बघा, कुणी आळस केलाय ते लगेच कळतं. बाण उजव्या कोपऱ्यात गेलाय पण टोक अजून डावीकडेच, म्हणजे चित्र फिरवायला विसरलेत. काही ॲप हललेलीच नसतील. त्यांनी ‘डावं’ आणि ‘उजवं’ पक्कं ठोकून ठेवलंय.

सर्वात फसवी गोष्ट मात्र बाणांत नाही, आकड्यांत आहे. अरबी ओळ उजवीकडून वाचतात, पण तिच्यातली संख्या डावीकडूनच लिहितात. शतक डावीकडे, एकक उजवीकडे, अगदी आपल्यासारखं. एकाच ओळीत दोन दिशा आल्या की कुठला तुकडा कुठे मांडायचा हे युनिकोडच्या UAX #9 या नियमावलीवरून ठरतं. तिच्या दृष्टीने मोकळी जागा आणि सुरुवातीचं अधिक चिन्ह यांना स्वतःची दिशा नसते, ती आजूबाजूची दिशा घेतात. घरून पाठवलेला नंबर असा आहे असं धरू:

```
+91 11111 22222
```

उजवीकडून चालणाऱ्या ओळीत फक्त हाच नंबर असेल आणि ॲपने काळजी घेतली नसेल, तर तो असा दिसतो:

```
22222 11111 91+
```

प्रत्येक गटातले आकडे बरोबर आहेत, गट मात्र उजवीकडून रचले गेले. फोनच्या पोटात क्रम मूळचाच असतो, म्हणून नंबरवर दाबून फोन लावला तर तो बरोबर लागतो. पण तोच नंबर बघून कुणी कागदावर उतरवला की राँग नंबर. आखातातल्या नातेवाइकाला नंबर पाठवताना जागा न सोडता सलग लिहावा, आणि अधिकऐवजी तिथून भारतात लावायचा आरंभ, म्हणजे 0091, वापरावा. मग ओळीत फक्त आकडे उरतात, आणि इकडून तिकडे सरकायला काही शिल्लक राहत नाही.