टेन के साठी लांब इंटरव्हल्स: रेप किती मिनिटांचा, मधे जॉग किती, एकूण किती

टेन के ५० मिनिटांच्या आत आणायचंय अशी खूप जणं असतात आणि त्यातले बरेचजण आठवड्यातून एकदा ट्रॅकवर जाऊन हजार हजार मीटरचे पाच रेप्स, म्हणजे मधे जॉग करत पाच वेगवान तुकडे, मारतात, कारण ग्रुपमधला सगळ्यात फास्ट माणूस तेच करतो. वर्कआउट चांगलाच आहे. पण तो तुमच्यासाठी आहे का, हे अंतरावरून कळत नाही, मिनिटांवरून कळतं. म्हणून आज फक्त या एकाच प्रकाराबद्दल लिहितो, म्हणजे शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकतं त्या लेव्हलला नेणारे ३ ते ५ मिनिटांचे लांब रेप्स.

आधी थोडं मागे जाऊया. १९२३ साली मँचेस्टरमधे ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन या दोघांनी धावणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन मोजला, हिल स्वतःच पाठीवर श्वास साठवायची पिशवी घेऊन गवतावर धावायचा. त्यांना दिसलं की वेग वाढवला की ऑक्सिजनचा वापर वाढतो, पण एका ठिकाणी येऊन थांबतो, त्यापुढे कितीही जोरात पळा, तो वाढत नाही. हेच आपलं व्हीओटू मॅक्स. त्या छतापलीकडचा जो वेग असतो तो ऑक्सिजनशिवायच्या उधारीवर चालतो आणि ती उधारी फार वेळ मिळत नाही.

आता टेन के मधे काय होतं बघा. ५० मिनिटांत टेन के करणारा माणूस पूर्ण रेसभर साधारण ९० टक्के व्हीओटू मॅक्सवर असतो. म्हणजे छत जरा वर गेलं की तेच ९० टक्के जास्त वेगाचे होतात. छत वर न्यायचा एक रस्ता म्हणजे हृदयाला आणि पायांच्या स्नायूंना त्या छताजवळ शक्य तितका वेळ ठेवायचं. वर्कआउट मोजायचा तो याच मापाने, छताजवळ मिनिटं किती गेली. घड्याळात किती फास्ट दिसलं, पाय किती दुखले, हे नंतरचं.

आणि इथेच गंमत आहे. तुम्ही रेप सुरू केला की ऑक्सिजनचा वापर लगेच वर जात नाही, छताजवळ पोचायला दीड ते दोन मिनिटं लागतात. थंड तव्यावर पहिली पोळी टाकल्यासारखं, गॅस फुल्ल असला तरी तवा त्याच्या वेळेनेच तापणार. म्हणजे दोन मिनिटांचा रेप मारून मग दोन मिनिटं उभं राहिलात तर जेमतेम वर पोचता पोचता तुम्ही थांबलेले असता, दम भरपूर लागतो, पाय जड होतात, पण छताजवळचा वेळ जवळपास शून्य. म्हणून खालची मर्यादा ३ मिनिटं. वरची मर्यादा ५ मिनिटांची, कारण हा पेस असा असतो की रेसमधे जीव तोडून तो १० ते १५ मिनिटंच टिकतो, त्यामुळे ट्रेनिंगमधे एकेक रेप ७-८ मिनिटांचा केला तर पेस आपोआप पडून थ्रेशोल्डला, म्हणजे साधारण तासभर टिकेल अशा पेसला, येतो आणि वर्कआउट दुसराच होऊन बसतो. थ्रेशोल्ड वाईट नाही, पण तो करायचा असेल तर ठरवून करावा, चुकून नको.

एक उदाहरण नीट घेऊया. टेन के ५० मिनिटं, आठवड्याचं मायलेज ४० किमी. या माणसाचा इंटरव्हल पेस साधारण ४:४२ प्रति किमी येतो, म्हणजे त्याच्या ३ किमी आणि ५ किमी रेसच्या पेसच्या मधला कुठलातरी. टेन के चा पेस ५:०० आहे, म्हणजे फक्त १८ सेकंद फास्ट. बऱ्याच जणांना हे वाचून वाटतं की एवढंच? हो, एवढंच. या पेसने ८०० मीटरला ३:४६ लागतात, १००० ला ४:४२. दोन्ही ३ ते ५ मिनिटांच्या खिडकीत बसतात. १२०० ला ५:३८ लागतात, ते बाहेर गेलं. आणि जो माणूस टेन के ३८ मिनिटांत करतो त्याचा पेस ३:३६ च्या आसपास, त्याला १२०० मीटर ४:२० च्या आत होतात, त्याला ते मस्त चालतात. एकाच ट्रॅकवर दोघांनी वेगवेगळं अंतर धावलं तरच दोघांचा वर्कआउट सारखा होतो, हे ग्रुपला पटवणं अवघड असतं, पण खरं तेच आहे.

आता किती रेप्स. जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचचा साधा नियम आहे, या पेसचं एकूण अंतर आठवड्याच्या मायलेजच्या ८ टक्क्यांपर्यंत, आणि कितीही मायलेज असलं तरी १० किमी च्या वर नाही. ४० किमी चे ८ टक्के म्हणजे ३.२ किमी. तर आपल्या माणसाला ४ वेळा ८०० किंवा ३ वेळा १०००. पाच वेळा १००० नाही! मायलेज ५० किमी ला गेलं आणि तिथे दोन-तीन आठवडे टिकलं की मग ४ वेळा १०००. हजाराचे पाच रेप्स ३० मिनिटांत टेन के मारणारा मुलगा साधारण २:५० ने मारतो, म्हणजे एकूण १४ मिनिटं काम. तोच वर्कआउट आपला माणूस करतो तेव्हा साडेतेवीस मिनिटं होतात. कागदावर वर्कआउट एकच दिसतो, पण शरीरावर लोड दीडपटीहून जास्त, आणि तेही ज्याचं मायलेज कमी आहे त्याच्यावर. मग पोटरी, हॅमस्ट्रिंग, अकिलीस यांच्या तक्रारी सुरू झाल्या की लोक बुटांना दोष देतात.

मधल्या जॉगबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. नियम साधा, जितका वेळ रेप तितकाच किंवा त्याहून थोडा कमी वेळ रिकव्हरी. ४:४२ च्या रेपला ३ ते ४ मिनिटं. जॉग का, उभं राहून का नाही? पाय हलत राहिले की स्नायू रक्त परत हृदयाकडे ढकलत राहतात, लॅक्टेट लवकर निवळतं आणि ऑक्सिजनचा वापर तळाला जात नाही, त्यामुळे पुढच्या रेपमधे छताजवळ जरा लवकर पोचता येतं. हा जॉग खरंच हळू हवा, ४०० मीटरला ३ मिनिटं म्हणजे ७:३० चा पेस, तुमच्या इझी रनपेक्षाही हळू. पहिली ३०-४० सेकंदं चाललात तरी काही बिघडत नाही. जॉगच्या शेवटी एक पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, येत नसेल तर अजून एक मिनिट घ्या.

प्रगती दाखवायची म्हणून दर आठवड्याला रिकव्हरी कमी करत जाणं मला अजिबात पटत नाही. रिकव्हरी दीड मिनिटावर आणली की एकतर पेस ५:०० कडे घसरतो नाहीतर तिसऱ्या रेपला खेळ खलास. आखूड रेप्सचं गणित मात्र उलटं असतं, तिथे ४०० मीटरच्या मधे ४५ सेकंद ते एक मिनिटाचाच जॉग ठेवावा लागतो, नाहीतर तवा थंड होतो.

ट्रॅकवर प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. २-३ किमी इझी, मग १०० मीटरचे चार स्ट्राइड्स, म्हणजे मोकळे, वेगवान पण जीव न तोडता मारलेले तुकडे, मग सुरुवात. १००० म्हणजे पहिल्या लेनमधे अडीच राउंड, त्यामुळे पहिला रेप सुरुवातीच्या रेषेच्या बरोबर समोरच्या बाजूला संपतो. एक राउंड जॉग केला की तुम्ही परत तिथेच येता, दुसरा रेप तिथून सुरू करून मूळ रेषेवर संपवायचा. जीपीएस पेसकडे बघू नका, वळणांवर तो गंडतो, लॅप बटण वापरा. पहिले २०० मीटर ५६-५७ सेकंदांत यायला हवेत, पहिला राउंड १:५३ ला. पहिल्या २०० ला ५२ दिसले तर तुम्ही ४:२० च्या पेसने निघालाय, तिथेच सोडा जोर, पुढच्या वळणाची वाट बघू नका.

कारण पहिला रेप ४:२५ ने मारला तरी ऑक्सिजनचं छत तेच राहतं, जादा वेग सगळा उधारीचा. त्याची वसुली तिसऱ्या रेपला होते, खांदे वर जातात, पाऊल आखूड पडतं, घड्याळ ४:५८ दाखवतं, आणि ४:५८ ला आपला माणूस परत रेस पेसवर आलेला असतो, म्हणजे ज्यासाठी आलो तो वेळ कमीच झाला. चांगल्या वर्कआउटमधे पहिल्या आणि शेवटच्या रेपमधे दोन-तीन सेकंदांचाच फरक असतो आणि संपल्यावर वाटतं की अजून एक रेप मारता आला असता, पण दोन नाही. एखादा रेप ६-७ सेकंदांनी घसरला आणि पुढचाही तसाच गेला तर तिथे थांबून कूलडाउन करा, उरलेला रेप ओढूनताणून करण्यात काहीच हाती लागत नाही.

मनगटावरच्या हार्ट रेटवर पण पेस ठरवू नका. हार्ट रेट मागून येतो, पहिल्या रेपच्या दुसऱ्या मिनिटापर्यंत तो कमीच दिसतो आणि आकडा गाठायच्या नादात लोक वेग वाढवतात. रेपच्या शेवटच्या मिनिटात तो तुमच्या कमालच्या ९० ते ९५ टक्क्यांना दिसला तर बरोबर चाललंय.

आपल्याकडे अजून एक गोष्ट धरावी लागते, हवा. जानेवारीतल्या मुंबईच्या रेससाठी तयारी करायची तर हे वर्कआउट्स ऑक्टोबर हीटपासूनच सुरू होतात. उकाड्यात आणि दमट हवेत रक्ताचा एक वाटा कातडी थंड करायला जातो, हृदय छताला लवकर टेकतं आणि तोच ४:४२ चा पेस ४:३० सारखा लागतो. अशा दिवशी अंतर सोडा, वेळेवर धावा, ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं जॉग, असं चार वेळा. पेस ५-१० सेकंद पडेल, पडू दे, हृदयाला काम तेवढंच मिळतंय. ज्यांच्याकडे ट्रॅक नाही त्यांनाही हेच सोयीचं, फक्त सपाट, कमी ट्रॅफिकचा रस्ता हवा.

हे आठवड्यातून एकदाच, पुढचे दोन दिवस इझी, असं ५-६ आठवडे चाललं की बहुतेकांना फरक दिसतो. पण पेस मधेच बदलू नका, वर्कआउट सोपा वाटायला लागला तरी. नवीन रेस धावा, ती सांगेल. टेन के ४९ मिनिटांत झाली तर नवीन इंटरव्हल पेस ४:३६ येतो, म्हणजे हजाराला सहा सेकंद कमी आणि २०० मीटरला सेकंदभर.