कामगार कपातीचे पत्र: कारण, भरपाई आणि अंतिम हिशोब
(शिरोली व गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील आमच्या लघुउद्योजक ग्राहकांसाठी)

काम उरले नाही म्हणून कामगार कमी करावा लागतो, तेव्हा पत्रात नेमके तेच लिहावे. ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ एवढ्यावर भागवलेले पत्र तपासणीत टिकत नाही, आणि त्याच पत्रात ‘आपले काम समाधानकारक नव्हते’ असे वाक्य घुसले तर कपातीऐवजी शिक्षा केल्याचा अर्थ निघतो. हे वाक्य बहुधा रागातून येते. ते आधी खोडावे.

एका फाउंड्रीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. हाताने साचे करण्याचा विभाग बंद होऊन ते काम यंत्रावर गेले आहे आणि तिथल्या मोल्डरची सेवा ७ वर्षे ८ महिने झाली आहे. पत्रात विभाग कोणत्या तारखेपासून बंद झाला, त्यातील किती जागा कमी झाल्या आणि त्याच वर्गातील सर्वांत शेवटी लागलेल्या कामगारापासून कपात कशी सुरू केली, हे स्पष्ट लिहावे. हा क्रम मोडला असेल, तर त्याचे कारणही नोंदवावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. त्याशिवाय प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई असते, आणि सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणून इथे आठ वर्षे मोजायची. वेतन दरमहा १८,२०० रुपये असल्यास १५ दिवसांचे ९,१०० होतात, म्हणजे भरपाई ७२,८०० आणि नोटीस पगार १८,२०० रुपये.

गोंधळ ग्रॅच्युइटीत होतो. भरपाईसाठी महिना ३० दिवसांचा धरतात, ग्रॅच्युइटीसाठी २६ दिवसांचा. त्यामुळे इथे १५ दिवसांचे १०,५०० आणि एकूण ८४,००० रुपये येतात. तिन्ही रकमा मिळून १,७५,००० रुपये होतात. बाकी पगार व शिल्लक रजेचे पैसे वेगळे. प्रत्येक रक्कम पत्रात स्वतंत्र ओळीत दाखवावी.

नोटीस पगार व भरपाई सेवा संपवतानाच द्यायची असते. ‘सवडीने ऑफिसात येऊन हिशोब घ्यावा’ असे लिहिल्यास कपातच बेकायदा ठरू शकते. पत्र देण्याच्या दिवशीच बँकेत रक्कम जमा करून व्यवहार क्रमांक पत्रात लिहावा, म्हणजे कामगाराने पत्र नाकारून ते रजिस्टर पोस्टाने पाठवावे लागले तरी पैसे दिल्याचा पुरावा राहतो. बाकी वेतन कामाच्या दोन दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी. पुनर्कौशल्य निधीसाठी मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन भरायचे असते, आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात पोहोचते. सरकारलाही कपातीची सूचना द्यावी लागते.

पोचपावतीवर फक्त ‘पत्र मिळाले’ एवढीच सही घ्यावी. पीएफ पोर्टलवर सेवा संपल्याची तारीख लगेच भरावी, नाहीतर त्याचा पीएफ काढण्याचा अर्ज अडकतो.

कामगारसंख्या तीनशे किंवा जास्त असल्यास आधी सरकारी परवानगी लागते. त्या प्रकरणात पत्र देण्यापूर्वी आमच्याकडे यावे.