आयगेनव्हेक्टर आणि सिंग्युलर व्हेक्टर: गोंधळ नेमका कुठे होतो

मशीन लर्निंग शिकताना बहुतेकांची आयगेनव्हेक्टरशी पहिली भेट पीसीएमध्ये होते. तिथे कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचा प्रमुख आयगेनव्हेक्टर म्हणजे माहितीचा पसारा सर्वाधिक असलेली दिशा असते, आणि त्यामुळे ‘आयगेनव्हेक्टर म्हणजे मॅट्रिक्स जिला सर्वाधिक ताणते ती दिशा’ अशी समजूत मनात घट्ट बसते. वास्तविक ताण मोजणे हे सिंग्युलर व्हेक्टरचे काम आहे. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या बाबतीत दोन्हींची उत्तरे जुळतात, म्हणून ही चूक तिथे उघडकीस येत नाही.

दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. मॅट्रिक्सने गुणल्यावर कोणती दिशा बदलत नाही, हा आयगेनव्हेक्टरचा प्रश्न आहे. त्या दिशेवर व्हेक्टर किती पट होतो, ते आयगेनव्हॅल्यू सांगते. एक एकक लांबीचा कोणता व्हेक्टर दिला असता बाहेर येणारा व्हेक्टर सर्वांत लांब असेल, मग त्याची दिशा कितीही बदललेली असो, हा सिंग्युलर व्हेक्टरचा प्रश्न आहे.

एक लहान मॅट्रिक्स `A` घेऊ. तिची पहिली ओळ (०.५, २) आणि दुसरी ओळ (०, ०.४) आहे. मॅट्रिक्सने व्हेक्टरला गुणणे म्हणजे प्रत्येक ओळीचा त्या व्हेक्टरशी डॉट प्रॉडक्ट काढणे, म्हणजेच संगत घटकांचे गुणाकार करून त्यांची बेरीज करणे. (१, ०) या व्हेक्टरला गुणले तर (०.५, ०) मिळतो, आणि (२०, −१) ला गुणले तर (८, −०.४) मिळतो, जो मूळ व्हेक्टरच्या ०.४ पट आहे. म्हणजे हे दोन आयगेनव्हेक्टर झाले आणि आयगेनव्हॅल्यू ०.५ व ०.४ ठरल्या. दोन्ही एकाहून लहान असल्यामुळे ही मॅट्रिक्स प्रत्येक व्हेक्टरला आखूडच करत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

आता (०, १) गुणून पाहा. उत्तर (२, ०.४) येते; लांबी १ वरून सुमारे २.०४ झाली. पुन्हा पुन्हा गुणत गेल्यास लांबी अनुक्रमे १.८१, १.२२, ०.७४ अशी उतरत जाते. आधी दुपटीहून अधिक वाढ आणि मग ऱ्हास, असा हा प्रकार आहे.

याचे कारण आयगेनव्हेक्टरांमधील कोनात आहे. (१, ०) आणि (२०, −१) यांच्यातील कोन जेमतेम ३ अंशांचा आहे. (०, १) हा व्हेक्टर त्यांच्यातून उभा करायचा तर पहिल्याची २० पट घेऊन त्यातून दुसरा वजा करावा लागतो. म्हणजे दोन मोठ्या राशी एकमेकींना नेमक्या खोडून काढत असतात. एकदा गुणल्यावर पहिल्या घटकातील एक २० ची राशी १० होते, दुसरी ८ होते आणि खोडण्याचा तोल बिघडून २ उरतात. दोन्ही राशी घटल्या, तरी त्यांच्यातील फरक वाढला.

सिंग्युलर व्हॅल्यू ही वाढ थेट पकडते. लांबीचा वर्ग म्हणजे व्हेक्टरचा स्वतःशीच डॉट प्रॉडक्ट, त्यामुळे बाहेर आलेल्या व्हेक्टरची लांबी तपासताना `AᵀA` ही मॅट्रिक्स आपोआप पुढे येते. ती नेहमी सममित असते, तिचे आयगेनव्हेक्टर परस्परांना लंब निवडता येतात, आणि तिच्या आयगेनव्हॅल्यूंची वर्गमुळे म्हणजेच `A` च्या सिंग्युलर व्हॅल्यू.

```python
import numpy as np
A = np.array([[0.5, 2.0], [0.0, 0.4]])
print(np.linalg.eigvals(A))                # 0.5, 0.4
print(np.linalg.svd(A, compute_uv=False))  # 2.098, 0.095
```

एका पायरीतील कमाल ताण २.०९८ आहे, तर अनेक पायऱ्यांनंतरचा कल ०.५ ठरवते. रिकरंट नेटवर्कमध्ये एकच मॅट्रिक्स पायरीपायरीला वापरली जात असल्याने हा फरक तिथे जाणवतो: केवळ आयगेनव्हॅल्यू पाहून ग्रेडियंट घटतच जाईल असे मानले, तर सुरुवातीच्या काही पायऱ्यांमधील उसळी ध्यानात येत नाही. अर्थात तिथे ॲक्टिव्हेशन फंक्शनही मध्ये येते, त्यामुळे ही उदाहरणातली आकडेमोड नेटवर्कला जशीच्या तशी लागू होत नाही.

मॅट्रिक्स सममित असेल, तर आयगेनव्हॅल्यूचे चिन्ह सोडून दिले की सिंग्युलर व्हॅल्यू मिळते. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची कोणतीच आयगेनव्हॅल्यू ऋण नसते, म्हणून तिथे हा भेदही उरत नाही. नमुन्यांची मूळ सारणी मात्र सहसा चौरस नसते. तिला आयगेनव्हेक्टर असूच शकत नाहीत, सिंग्युलर व्हेक्टर मात्र असतात. प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करून त्या सारणीचे सिंग्युलर व्हेक्टर काढले, की पीसीएच्या दिशा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स न बनवताच हाती येतात.

दोन्ही मार्गांनी पडताळा घेताना उत्तरे उलटी दिसली, तर आधी क्रम तपासावा. `np.linalg.eigh` आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देते आणि `np.linalg.svd` सिंग्युलर व्हॅल्यू उतरत्या क्रमाने, त्यामुळे `eigh` चा पहिला स्तंभ प्रमुख घटक समजून उचलणाऱ्याच्या हाती सर्वांत कमी पसाऱ्याची दिशा लागते.