बाटलीचा खांदा: दोन छेदांच्या मधे काय घडतं?

शाम्पूची एक साधी बाटली घेऊ. तळ लंबगोल, ८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड. मान गोल, व्यास २८. एकूण उंची १८०. तळापासून ११० मिलिमीटरपर्यंत अंग सरळ उभं राहायला हवं, कारण तिथे लेबल चिकटणार आहे. त्यावर खांदा वळत वळत मानेला मिळतो.

संगणकावर हे काढायला बसलेला माणूस आधी लॉफ्टकडे वळतो. लॉफ्ट म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर आडवे छेद काढायचे आणि त्यांच्यावरून पृष्ठभाग ताणून घ्यायचा. फक्त तळ आणि मान दिली, तर भिंती सरळ रेषेत तिरक्या जातात आणि उलटं ठेवलेलं नरसाळं हाती येतं. मग साहजिकच ११० च्या उंचीवर तळासारखाच एक लंबगोल वाढवला जातो. आता खालचं अंग सरळ उभं राहील, असं वाटतं. प्रत्यक्षात ते पोटातून फुगतं.

कारण समजायला जुन्या जहाजबांधणीतली पद्धत उपयोगी पडते. तिथे लवचिक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी ठरावीक बिंदूंवर दाबून धरायचे आणि तिच्या कडेने जहाजाची रेषा आखायचे. आपल्या बाटलीच्या कडेवर अशी पट्टी बसवून पाहा. मध्यरेषेपासूनचं अंतर तळाशी ४०, ११० च्या उंचीवर पुन्हा ४० आणि मानेपाशी १४. वरच्या भागात पट्टी जोरात आत झुकते. ११० च्या बिंदूवर ती मोडू शकत नाही, म्हणून तिथे पोचतानाच ती आत झुकलेली असते. त्याआधी ती बाहेर गेलेली असल्याशिवाय हे शक्य नाही. या तीन बिंदूंतून पॅराबोला काढला, तर ५५ च्या उंचीवर अंतर सुमारे ४६ भरतं. म्हणजे ८० रुंदीची बाटली मधे ९२ ची झाली. प्रत्येक सॉफ्टवेअरची वक्ररेषा थोडी वेगळी असते, त्यामुळे आकडा बदलेल, पण फुगवटा चुकत नाही. असा फुगवटा लेबलला सोसत नाही. कागद एकाच दिशेने वाकलेल्या पृष्ठभागावर नीट बसतो, दोन्ही दिशांनी वाकलेल्यावर त्याच्या कडांना चुण्या पडतात.

इथे बरेच जण ३०, ६०, ९० अशा उंचींवर आणखी छेद घालत सुटतात. फुगवटा कमी होतो खरा, पण तो लाटांमध्ये वाटला जातो: वरच्या टप्प्यात किंचित फुगीर, त्याखाली किंचित पोकळ, त्याखाली पुन्हा फुगीर. डोळ्यांना हे जवळपास दिसत नाही, पण बाटली चकचकीत असेल तर प्रकाश पडताच उघडं पडतं. माझ्या मते छेद जितके कमी, तितका पृष्ठभाग चांगला.

सरळ भाग लॉफ्टमध्ये आणूच नये, हा त्याहून बरा मार्ग. लेबलचं अंग तळाचा लंबगोल सरळ वर उचलून, म्हणजे एक्स्ट्रूड करून, वेगळं बनवायचं आणि लॉफ्ट फक्त ११० ते १८० या खांद्यासाठी ठेवायचा. छेद दोनच. खालच्या टोकाला ‘शेजारच्या भिंतीला स्पर्शिका’ ही अट घालायची, वरच्या टोकाला ‘मानेला उभं मिळणं’. मधला खांदा किती भरदार किंवा उतरता हवा, हे मात्र या अटी पूर्ण सांगत नाहीत. ते काम गाइड कर्व्हचं. समोरून दिसणारी एक बाह्यरेषा आणि बाजूने दिसणारी एक, अशा दोन गाइड काढल्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं आरशातलं प्रतिबिंब घेतलं, की लॉफ्टला धरायला कठडे मिळाले. गाइड प्रत्येक छेदाला अचूक छेदून गेली पाहिजे. नजरेने टेकलेली दिसली तरी बारीकशी फट राहिली, तर लॉफ्ट होतच नाही.

गाइड एकमेकींशी विसंगत असतात, तेव्हाची चूक जास्त फसवी असते. समजा १५० च्या उंचीवर समोरच्या गाइडने मध्यापासूनचं अंतर ३० ठेवलं आहे. ४० वरून १४ वर यायचं आहे, म्हणजे २६ पैकी १० उतरून झाले, साधारण ३८ टक्के वाट संपली. बाजूच्या गाइडला २५ वरून १४ वर, म्हणजे ११ उतरायचे आहेत. तीही त्याच चालीने आली तर इथे सुमारे २०.८ वर असेल आणि छेद ६० बाय ४१.६ चा होईल. रुंदी-जाडीचं गुणोत्तर १.४४, म्हणजे तळाच्या १.६ कडून गोलाच्या १ कडे निघालेलं. पण आवडलं म्हणून कुणी बाजूची गाइड तिथे १६ वर आणली, तर छेद ६० बाय ३२ होतो, गुणोत्तर जवळपास १.९. गोल होत जायला हवा तिथे छेद आणखी चपटा झाला, आणि पुढच्या तीस मिलिमीटरमध्ये तो घाईघाईने गोल व्हायला लागतो. दोन्ही गाइड एकेकट्या सुंदर दिसतात, त्यांच्या मधल्या कोपऱ्यांत मात्र पृष्ठभाग पिळवटतो. म्हणून मधल्या दोन-तीन उंचींवर आडवा काप घेऊन आकार पाहावा.

पिळाचं आणखी एक साधं कारण असतं. लंबगोलावरचा कोणता बिंदू वर्तुळावरच्या कोणत्या बिंदूला जोडायचा, हे सॉफ्टवेअर दोन्हींच्या आरंभबिंदूंवरून ठरवतं. लंबगोलाचा आरंभ उजव्या टोकाला आणि वर्तुळाचा समोर असेल, तर खांदा ९० अंशांनी पिळलेला निघतो. आरंभबिंदू सरकवून एका रेषेत आणले की काम होतं.

आता सांध्याची परीक्षा. स्क्रीनवर पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडता येतं, त्याला झेब्रा म्हणतात. सांध्यावर पट्ट्या तुटून सरकल्या, तर तिथे कड आहे. पट्ट्या मिळतात पण कोपरा करून वळतात, तर स्पर्शिका जुळली आहे, वक्रता नाही. आपल्या बाटलीत हेच होतं: सरळ भिंतीची उभी वक्रता शून्य आणि खांदा सुरू होताच ती, समजा, ३० मिलिमीटर त्रिज्येची. ही एकदम उडी चकचकीत प्लास्टिकवर रेघेसारखी दिसते. खालच्या टोकाची अट स्पर्शिकेऐवजी वक्रतेची केली की पट्ट्या सलग वाहतात. मॅट बाटलीसाठी एवढी मेहनत घ्यायची गरज नाही.

बाटलीला धरायची मूठ जोडायची असेल, तर तिचं गणित वेगळं. तिथे स्वीप वापरतात: एक छेद आणि त्याने चालायचा मार्ग. अडचण वळणावर येते. मुठीचा छेद वळणाच्या दिशेने २४ मिलिमीटर जाड असेल, तर मार्गाच्या आतल्या बाजूला तो १२ मिलिमीटर येतो. मार्गाची त्रिज्या १० ठेवली की आतली बाजू स्वतःतच घुसते आणि स्वीप अयशस्वी होतो. त्रिज्या १५ केली की आत ३ मिलिमीटरचं वळण उरतं. चालतं, पण बोटांना टोचतं. १८ ते २० सुखाची.

मूठ मधे जाड आणि टोकांना बारीक हवी असेल, तर स्वीपलाही गाइड देता येते. छेदाचं टोक गाइडला बांधायचं आणि ज्या मापाने गाइड त्याला हलवणार, ते माप मोकळं सोडायचं. २४ चं माप पक्कं लिहून ठेवलं असेल, तर गाइडला हलवायला काही उरत नाही. मूठ बाटलीत नेऊन भिडवण्याऐवजी भिंतीपासून थोडी आधीच थांबवावी आणि उरलेली फट छोट्या लॉफ्टने भरावी, दोन्ही टोकांना स्पर्शिकेची अट घालून. मग आतून पोकळ करताना भिंतीची जाडी १.५ मिलिमीटर धरली असेल, तर बाहेरून फुगीर असलेलं कुठलंही वळण त्याहून लहान त्रिज्येचं नाही ना, हे मोजून घ्यावं. तिथे आतल्या पृष्ठभागाला जागाच उरत नाही, आणि पोकळ करण्याची आज्ञा नेमकी त्याच ठिकाणी अडते.